पाणबुडीचा ओके रिपोर्ट

"पाणबुडीनं अजून रिपोर्ट का दिला न्हाय?"

ब्रिगेडियर युवराज हलगेकरांनी हा प्रश्न सकाळपासून कितव्यांदा विचारला, हे मोजायचं पारमिताने सोडून दिलं होतं. ती पंचाच्या टेबलामागे बसली होती. कपाळावर आठी पडू नये म्हणून भुवया वर ताणून धरल्या होत्या, त्यामुळे ती उगीचच आश्चर्यचकित झाल्यासारखी दिसत होती.

"सर, पाणबुडी गस्तीवर आहे. ती बोलत नसते, ऐकते फक्त."

"म्हंजे? माझंच हत्यार, आणि ते मला ओ देणार न्हाय?"

सांबऱ्याच्या रस्त्यावर बेळगावच्या संरक्षण अभ्यास केंद्राची ती लांबलचक खोली. खिडकीबाहेर अधूनमधून विमान उतरायचं, आणि तेवढ्या वेळापुरतं सगळ्यांना तोंड मिटून बसावं लागायचं. आज त्या विमानांचा पारमिताला आधार वाटत होता.

केंद्रात दरवर्षी सैन्यातले मधल्या फळीतले अधिकारी आणि विद्यापीठांतले संशोधक एकत्र येऊन अभ्यासक्रम करतात. यंदा त्यात पहिल्यांदाच पारमिताने रचलेला सराव होता. मधे पडदा, पडद्याच्या एका बाजूला निळा देश, दुसऱ्या बाजूला तांबडा देश. दोघांकडे अण्वस्त्रं. निळ्या देशाने जगाला सांगून ठेवलेलं, की आपण पहिला वार करणार नाही. दुसऱ्याने केला, तर मात्र त्याला जन्माची अद्दल घडेल असं उत्तर देऊ. हे उत्तर म्हणजेच दुसरा वार. तो देता येणार याची खात्री समोरच्याला राहिली, तर तो पहिला वार करायला धजत नाही. सगळा सराव या एका गोष्टीवर उभा होता.

हा सराव रचायला तिची दोन वर्षं गेली होती. तो कायमचा अभ्यासक्रमात घ्यायचा की यंदाच गुंडाळायचा, हे केंद्राची सल्लागार समिती आज संध्याकाळी ठरवणार होती. समितीचे अध्यक्ष होते ब्रिगेडियर हलगेकर. आणि केंद्राच्या संचालिका रचनाबाईंनी, मान राखायचा म्हणून, निळ्या देशाचं सेनापतिपद त्यांनाच दिलं होतं.

मान राखला गेला. बाकी सगळ्याचं वाटोळं चाललं होतं.

माणूस वाईट नव्हता. खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला, पायदळात उभं आयुष्य घालवलेला, बर्फातल्या चौक्या सांभाळलेला. पायदळात एक शिस्त असते. प्रत्येक चौकीने सकाळी ठरल्या वेळेला कळवायचं, की सगळं ठीक आहे. त्याला म्हणतात ओके रिपोर्ट. तो आला नाही, तर चौकीवर काहीतरी विपरीत घडलं असं धरून माणसं पाठवायची. या रिपोर्टने हलगेकरांच्या कितीतरी जवानांचा जीव वाचवला होता. त्यामुळे निळ्या देशाची सूत्रं हाती येताच त्यांनी पहिला हुकूम काढला तो हाच. क्षेपणास्त्रांच्या तुकड्या, बॉम्बफेकी विमानं, पाणबुडी, सगळ्यांनी रोज सकाळी एकाच वेळेला, एकाच बिनतारी जाळ्यावरून, ओके रिपोर्ट द्यायचा.

पारमिताने तो हुकूम वाचला तेव्हा तिला वाटलं, थट्टा असेल.

"सर, जमिनीवरची क्षेपणास्त्रं ट्रकवर आहेत," ती शांतपणे सांगू लागली. सांगण्यात तिचा हातखंडा होता. निपाणीत मोठ्या बहिणीची पोरं सांभाळता सांभाळता ती बी.ए. झाली होती. "खड्ड्यात पुरलेलं क्षेपणास्त्र शत्रूला नकाशावर दिसतं. ट्रकवरचं आज इथे, उद्या तिथे. जागेवरून बोललं नाही, तोवर ते सापडायला अवघड."

"मग बोलायचं आणि हलायचं. त्यात काय एवढं?"

"रोज त्याच वेळेला बोललं, तर शत्रू त्याच वेळेला कान लावून बसतो."

"अगं बाई, मी ही शिस्त तू जन्मायच्या आधीपासून चालवतोय!"

पंचाला सेनापतीचा हुकूम बदलता येत नाही. फक्त त्याचा परिणाम ठरवता येतो. तिने नोंद केली आणि घोटभर पाणी प्याली.

मग आली विमानं. नियमाप्रमाणे ती चार धावपट्ट्यांवर पांगवून ठेवलेली होती. जमिनीवर उभं असलेलं विमान एका स्फोटात जातं, म्हणूनच पांगवायचं. विमानाचा गुण वेगळा. क्षेपणास्त्र एकदा सोडलं की परत बोलावता येत नाही, पण विमान हवेत पाठवून, शत्रूला धाक दाखवून, परत फिरवता येतं. अवगुण असा, की पोचायला तास लागतात, आणि वाटेत शत्रूची हवाई फळी भेदावी लागते.

हलगेकरांनी चारही धावपट्ट्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पहारा कुठं कुठं लावू? सगळी एका ठिकाणी आणा. डोळ्यांसमोर."

"सर!"

"काय सर? विखुरलेलं हत्यार म्हंजे हरवलेलं हत्यार."

शेजारी बसलेल्या हवाई दलाच्या तरुण अधिकाऱ्याने पारमिताकडे केविलवाणं पाहिलं. तिने नजर छताकडे वळवली.

उरली पाणबुडी. ती चालवत होता नौदलाचा आदर्श, शेजारच्या लहान खोलीत, एकटा. हलगेकरांची चिठ्ठी त्याच्याकडे गेली: ओके रिपोर्ट द्या. आदर्शने उत्तरच दिलं नाही. खरी पाणबुडी हेच करते. पाण्याखालून फार लांब लहरींवरचा संदेश तिला ऐकू येतो, तोही अगदी सावकाश, थोड्याशा अक्षरांचा. त्या लहरींवर उलट बोलायची सोय तिच्याकडे नसते. बोलायचं तर पृष्ठभागाजवळ यायचं, पाण्याबाहेर एरियलचा खांब काढायचा, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपातून समुद्रभर ओरडून सांगायचं, मी इथे आहे.

दुसरी चिठ्ठी गेली. मग तिसरी, तिच्यावर लाल रेघ: हुकूम मोडलात तर पाणबुडीवर दुसरा कप्तान नेमीन.

आदर्श खोलीतून बाहेर आला. चेहरा लाल झालेला. "मॅडम, हे मी लेखी निषेध नोंदवून करतो. खऱ्या बोटीवर मी हे केलं असतं तर माझ्याच माणसांनी मला पाण्यात ढकललं असतं."

"नोंदव," पारमिता म्हणाली. "आणि रिपोर्ट दे."

रिपोर्ट गेला. निळ्या बाजूला हलगेकरांनी समाधानाने चहा मागवला. "बघा, सगळं ठीक हाय म्हणून कळलं का न्हाय? आता कसं बरं वाटतंय!"

पडद्यापलीकडे तांबड्या देशाच्या टेबलावर निवृत्त कमोडोर मायाप्पा कांबळे चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. तेही निपाणीचेच. पारमिता त्यांना केंद्राबाहेर काका म्हणायची. त्यांचं अर्धं आयुष्य पाणबुड्यांत गेलं होतं. पंच म्हणून ती पडदा ओलांडून त्यांच्याकडे गेली आणि नियमानुसार तांबड्या देशाला काय ऐकू आलं ते सांगितलं. त्या दिशेला, अमुक पट्ट्यात, समुद्रातून एक छोटा संदेश.

मायाप्पांनी चष्मा खाली घेतला. "खरंच?"

"खरंच."

"पोरी, हे कुणी करायला लावलं?"

"ते मला सांगता येत नाही, सर."

"नको सांगूस," ते म्हणाले, आणि नकाशावर पेन्सिलीने एक रेघ ओढली. सरावातल्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या रिपोर्टला, दुसरी रेघ. तिसऱ्या दिवशी तिसरी. तिन्ही रेघांनी मिळून समुद्राचा एक तुकडा कापून काढला. मायाप्पांनी तिथे टेहळणीची विमानं पाठवली, पाण्यातले आवाज टिपणारी तरंगती यंत्रं टाकली आणि एक शिकारी पाणबुडी मागावर लावली.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी तांबड्या देशाने वार केला. सगळीकडे एकाच वेळी.

पारमिताने टेबलाशी बसून हिशोब मांडला, दोनदा पडताळला. बॉम्बफेकी विमानं एकाच धावपट्टीवर होती, ती जळाली. क्षेपणास्त्रांचे ट्रक रोजच्या रिपोर्टमुळे माग लागून सापडले. एक ट्रक वाचला, पण ज्या बिनतारी जाळ्यावर सगळे अवलंबून होते ते मुख्यालयाबरोबरच गेलं. हुकूम न पोचलेलं क्षेपणास्त्र म्हणजे नुसता ट्रक. पाणबुडीवर शिकारी पाणबुडीने टॉर्पेडो सोडला, तो लागला. निळ्या देशाकडून उत्तर: शून्य.

तिने निकाल लिहिला आणि वाचून दाखवायला उठणार, तोच रचनाबाई तिला दाराबाहेर घेऊन गेल्या.

"पारमिता, काय लिहिलंयस?"

"निळा देश हरला. दुसरा वार झाला नाही."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" रचनाबाई दबक्या आवाजात, पण हात नाचवत म्हणाल्या. "संध्याकाळी ते समितीच्या खुर्चीत बसणार. तू दुपारी सगळ्यांसमोर त्यांना सांगणार, की तुम्ही देश बुडवला?"

"मी नाही बुडवला."

"पाणबुडी वाचली असं लिही. समुद्र मोठा असतो. टॉर्पेडो चुकतो. चुकतो की नाही?"

"चुकतो कधी कधी."

"मग चुकला म्हण! सराव तुझाच आहे, नियम तुझेच. दोन वर्षं घालवलीस. एका टॉर्पेडोसाठी घालवू नकोस."

हे सोपं होतं, हाच त्रास होता. एक वाक्य बदललं की संध्याकाळी हलगेकर खूष, सराव पक्का, आणि पुढच्या वर्षी इथे येणारे अधिकारी असं शिकून जाणार, की पाणबुडीने रोज हाक मारली तरी चालतं. समुद्र मोठा असतो.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "टॉर्पेडो लागला."

रचनाबाईंनी कपाळाला हात लावला. "तुला समजावणं म्हणजे भिंतीला समजावणं."

निकाल वाचून झाला आणि हलगेकरांची खुर्ची मागे सरकली.

"साकु! पुरे आता!" ते गरजले. चिडले की कानडी तोंडात यायची. "हे काय चाललंय? जमिनीवर क्षेपणास्त्रं, आभाळात विमानं, समुद्रात पाणबुडी. तीन पाय! एक मोडला तर दुसरा, दुसरा मोडला तर तिसरा, असंच पुस्तकात शिकवता न्हवं? तिन्ही एकदम कसे मोडले? पंचानं मोडले!"

"पंचाने नाही, सर."

"मग कुणी?"

आता सांगायलाच हवं होतं. पारमिताला राग आला होता, पण राग आला की तिचा आवाज आणखी हळू व्हायचा. बहिणीची पोरं या हळू आवाजाला टरकून असत.

"सर, तीन पाय तीन आहेत म्हणून भक्कम नाहीत. ते वेगवेगळ्या कारणांनी मोडतात म्हणून भक्कम आहेत. ट्रक शोधायला उपग्रह आणि हेर लागतात. विमानं मारायची तर ती उडायच्या आत, मिनिटांत पोचावं लागतं. पाणबुडीसाठी अख्खा समुद्र पिंजावा लागतो. शत्रूला ही तिन्ही कामं जमवायची, आणि तीही एकाच क्षणी. एक जरी राहिलं तर त्याची शहरं गेली. हे त्याला जमत नाही, म्हणून तो हात आवरतो." ती थांबली. "तुम्ही तिघांना एकच सवय लावलीत. एकाच वेळी, एकाच जाळ्यावर हजेरी. शत्रूला तीन कामं राहिली नाहीत, एकच राहिलं. कान लावायचं."

"मी शिस्त लावली!"

"व्हय सर," तिच्या तोंडून घरची भाषा निसटली, "आणि शिस्तीनंच सापडलो."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

हलगेकर पडद्याकडे वळले. "मायाप्पा! तू तरी खरं सांग. मी पाणबुडीकडं रिपोर्ट मागितला नसता तर तू मारलं नसतंस काय?"

पडदा बाजूला झाला. मायाप्पा उभे होते, पेन्सिल अजून हातात. दोघेही निवृत्त, दोघेही एकाच जिल्ह्याचे, कधीकाळी एकाच गाडीने सुट्टीवर येणारे.

"नसतं मारलं, युवराज अण्णा."

"का?"

"ट्रक मला सापडले होते. विमानं तर तू ताटात वाढून ठेवलेलीस. पण पाणबुडी कुठं हाय ते ठाऊक नव्हतं. ती एक राहिली तर माझी दहा शहरं गेली. मी काय वेडा हाय का?" त्यांनी नकाशावरच्या तीन रेघा दाखवल्या. "मग तू स्वतःहून पत्ता कळवलास. एकदा न्हाय, तीनदा."

हलगेकरांच्या मानेवरची शीर उभी राहिली. बाहेर विमान उतरलं, त्यामुळे ते काय पुटपुटले ते कुणाला कळलं नाही. विमान गेल्यावर ते म्हणाले, "परत खेळू. जेवणानंतर. पहिल्यापासून."

"पहिला निकाल तसाच राहील," पारमिता म्हणाली.

"राहू दे गं बाई! परत खेळू म्हणतोय, पुसून टाक न्हाय म्हणत!"

जेवणात भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. हलगेकरांनी आपलं ताट नकाशाशेजारी नेऊन ठेवलं.

दुपारी ट्रक पांगले, विमानं चार धावपट्ट्यांवर गेली, दोन कायम हवेत राहिली. तिघांना तीन वेगळे मार्ग मिळाले आणि मुख्यालय गेलं तर हुकूम कुणी पोचवायचा तेही आधी ठरलं. आदर्शला एकच संदेश गेला: ऐकत राहा. त्यानंतर निळ्या बाजूला करण्यासारखं काही उरलं नाही.

ही फेरी पारमिताच्या आयुष्यातली सगळ्यात वैतागाची ठरली.

"ती जिवंत हाय का?" हलगेकर.

"सांगता येत नाही, सर."

"बुडाली असली तर?"

"सांगता येत नाही."

"अगं, इंजिन बंद पडलं असलं, आग लागली असली, पोरं आजारी पडली असली!" ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "आदर्श! ए आदर्श!"

लहान खोलीतून उत्तर नाही.

"जेवला का न्हाय तो?"

"सर, तो पाण्याखाली आहे."

"त्या खोलीत हाय, माझ्या डोळ्यांसमोर दार हाय!" त्यांनी चिठ्ठी लिहायला पेन उचललं, पारमिताकडे पाहिलं, पेन टेबलावर आपटलं. पुन्हा उचललं. एकदा तर चिठ्ठी अर्धी लिहून झाली. ती त्यांनी चुरगाळून खिशात कोंबली आणि खुर्चीत बसले. हात मांडीखाली घेतले, दंगेखोर पोराला बसवावं तसे. समोर बसलेल्या मेजरला म्हणाले, "चौकीवरनं रिपोर्ट आला न्हाय की मला एका जागी बसवत न्हाय. तीस वर्षांची सवय हाय रे. ही कशी जाणार?"

पारमिताचा वैताग तिथे जरासा सैल झाला. हा माणूस हट्टी होता खरा, पण काळजीपोटी हट्टी होता. आणि नेमकी ती काळजीच शत्रूच्या उपयोगी पडत होती. एवढं समजावून सांगणारं वाक्य तिला पुस्तकात सापडलं नव्हतं.

पडद्यापलीकडे मायाप्पा नकाशावर वाकले होते. ट्रक काही सापडले, काही नाही. विमानं पांगलेली. आणि समुद्र नुसता निळा, त्यावर एकही रेघ नाही. सरावातले दिवसामागून दिवस गेले. शेवटी त्यांनी पंचाला चिठ्ठी दिली: तांबडा देश वार करणार नाही.

सराव संपला. काहीही झालं नाही.

"हे असंच संपतं?" रचनाबाईंनी विचारलं. त्यांच्या स्वरात निराशा होती. "मी अहवालात काय लिहू? दुपारभर बसले आणि काही घडलं नाही?"

"हेच लिहा," पारमिता म्हणाली. "सकाळी निळा देश हरला, तेही लिहा. आधी ते."

समितीची बैठक चहाबरोबर झाली. पारमिता बाहेर व्हरांड्यात उभी राहिली. दार उघडंच होतं. आतले तिघे-चौघे, त्यांत रचनाबाई आणि मायाप्पाही, हळू बोलत होते, हलगेकर सोडून. त्यांना हळू बोलायची सवयच नव्हती.

"ठेवायचा सराव. पण सकाळची फेरी काढून टाका. दुपारचीच ठेवा. पोरांना सरळ बरोबर तेच शिकवा."

पारमिता न विचारता आत गेली. "नाही सर. सकाळची फेरी हवी. ती काढणार असाल तर सगळाच काढा."

रचनाबाईंनी डोळे मिटले.

"का?" हलगेकर.

"पाणबुडी बोलत नसते, हे मी तुम्हाला सकाळी सांगितलं. पुस्तकातही आहे. तुम्ही ऐकलंत?"

हलगेकरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"चांगला अधिकारी आपल्या माणसांची खबर घेतोच. जितका चांगला, तितकी जास्त. तो सांगून ऐकत नाही, सर. त्याला एकदा स्वतःच्या हाताने पाणबुडी बुडवू द्यावी लागते. मग दुपारी तो हात मांडीखाली घेऊन बसतो."

हलगेकर तिच्याकडे पाहत राहिले. मग मायाप्पांकडे. मायाप्पा कपबशीत बघत होते.

"म्हंजे," हलगेकर सावकाश म्हणाले, "दरवर्षी कुणीतरी माझ्यासारखं गाढव त्या खुर्चीत बसणार. आणि तू त्याला सगळ्यांसमोर देश बुडवू देणार."

"व्हय सर."

"आधी एक शब्द सांगणार न्हाय?"

"सांगणार. तुम्हाला सांगितलं तेवढंच."

हलगेकर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले, ते आभारासारखं मुळीच नव्हतं. त्यांनी समितीचा कागद पुढे ओढला, "दोन्ही फेऱ्या" असं लिहिलं, खाली सही ठोकली, आणि कागद पारमिताकडे असा सरकवला, की तो टेबलावरून खाली पडला.

"उचल," ते म्हणाले. "आणि त्या पाणबुडीतल्या पोराला बाहेर बोलवा कुणीतरी. सकाळपासनं काही खाल्लं न्हाय त्यानं."